गोळीच्या जागी पूड नको

बसा सगळे. मांडी जमत नसेल त्यांनी पाय पसरा, मागे खुर्च्याही आहेत. आज शेवटची पंधरा मिनिटं आसनं नाहीत, आणि त्याला कारण ही पिशवी.

काल सभामंडपातून निघताना एका काकींनी ती माझ्या हातात दिली. जत्रेत घेतलेली. "बाई, तुम्ही हो म्हणा, उद्यापासून मधुमेहाच्या गोळ्या बंद करते." आत तपकिरी पूड आहे. वर ना नाव, ना तारीख, ना आत काय घातलंय त्याचा पत्ता. योग शिकवणारी बाई म्हणजे गोळ्यांच्या विरोधात असणारच, असं काकींनी धरून चाललं होतं. तर मी नाही. गोळी बंद करा असं सांगायचा मला अधिकारही नाही.

माझा थोरला भाऊ डिचोलीला असतो. गोळ्या सोडून आठ महिने त्याने जांभळाच्या बियांची पूड घेतली. सकाळी एक चमचा, कोमट पाण्यातून. "मला काही होत नाही, बघ," हे त्याचं पालुपद. एके दिवशी वहिनींना फरशीवर लाल ठिपके दिसले, न्हाणीपासून देवघरापर्यंत. नव्या चपलेचा पट्टा अंगठ्याजवळ कापत गेला होता आणि याला पत्ताच नव्हता. पायाची संवेदना गेली होती. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ११.८ टक्के निघाली, फारच जास्त. जखम चिघळली, अंगठा काढावा लागला. काही होत नाही म्हणत होता, ते खोटं नव्हतं हो. वाढलेली साखर पुष्कळदा दुखतच नाही. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडं, पायाच्या नसा आतून खराब करत राहते.

परवा आपण गुडमार नावाच्या वेलीचं पान चघळून वर गुळाचा खडा खाल्ला होता, आठवतं? माती खाल्ल्यासारखं लागलं म्हणून सगळे हसलात. जिभेला गोडी कळेनाशी झाली, पण गूळ पोटात गेलाच. हे लक्षात असू द्या, कारण "कडू आहे म्हणजे साखर मारणार" हा हिशेब आपण जिभेवरूनच मांडतो.

मेथी, कारलं, गुडमार यांनी काहींची साखर थोडी उतरते, हे मी नाकारत नाही. पण किती उतरेल? गोळी ५०० मिलिग्रॅमची असेल तर आज तेवढीच, उद्याही तेवढीच. चमचाभर पुडीत आज एक, उद्या दुसरंच. आणि "गोळी म्हणजे केमिकल" म्हणणाऱ्यांना सांगते, मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन गोळीचं मूळ गॅलेगा नावाच्या युरोपातल्या एका वनस्पतीपर्यंत जातं. फरक इतकाच, की त्यातलं काय घ्यायचं, किती घ्यायचं, कुणाला चालत नाही, हे माणसांवर तपासून ठरवलंय.

काही पुड्यांनी मात्र खरंच झटकन साखर उतरते. तिथे तर मी जास्त घाबरते. अशा पुड्यांत साखर उतरवणाऱ्या गोळ्याच कुटून घातलेल्या तपासणीत सापडल्या आहेत. म्हणजे घरची गोळी चालू आणि वर ही छुपी गोळी. मग साखर फारच उतरते, हात थरथरतात, दरदरून घाम येतो, काही सुचत नाही. तसं झालं तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

गोव्यात हे घरोघरचं आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं देशात सर्वांत जास्त प्रमाण आपल्याकडेच निघालं, २६.४ टक्के. इथे पन्नासएक जण बसलाय, हिशेब तुम्हीच करा.

योगाने गोळी कमी होत नाही का? होते कुणाकुणाची. चालणं वाढलं, वजन उतरलं, ताटातला भात आवरला, की डॉक्टर रिपोर्ट बघून डोस कमी करतात. ते डॉक्टरांनी करायचं. इन्सुलिनवाल्यांनी तर एकही दिवस मनाने सोडू नका. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्यांचा त्यात जीव जाऊ शकतो.

आता ज्यांनी गोळ्या सोडल्या आहेत त्यांनी हात वर करा. लाजू नका, माझ्या भावानेही लपवलंच होतं. दोन... चार... बरं. तुम्ही जेवणानंतर मला भेटा. जुन्या गोळ्या आजच आपल्या मनाने सुरू करायच्या नाहीत, आधी साखर तपासू. मग आरोग्य केंद्रात जाऊ, ही पिशवीही सोबत नेऊ. डॉक्टर रागावतील म्हणून पूड लपवायची नाही. रागावले तर मी आहे ना.

पेज झाली वाटतं, वास येतोय. ज्यांची गोळी खाण्याआधीची आहे, त्यांनी आधी चिठ्ठी बघा, मग ताटाकडे.