आता रॅपिड फायर! कराडच्या आंतरशालेय क्विझच्या फायनलमधली चौथ्या राऊंडआधीची घोषणा

हां, बसा बसा, पाणी पिऊन झालं असेल तर पटकन जागेवर या, मागच्या बाकावरच्यांनी पण. माईक येतोय ना मागेपर्यंत? येतोय. चला.

तर मुलांनो, तीन राऊंड झाले आणि स्कोअर फळ्यावर आहेच पण मी परत एकदा वाचतो, प्रतापगड ८५, अजिंक्यतारा ८०, वसंतगड ७० आणि सज्जनगड ६०. सज्जनगडच्या दोघांनी मगाशी माना खाली घातल्या होत्या ते मी बघितलंय. वर बघा. या राऊंडमध्ये एका टीमला जास्तीत जास्त १२ प्रश्न, प्रत्येक बरोबर उत्तराला ५ मार्क, म्हणजे ६० मार्क टेबलावर पडलेत, आणि तुमच्यात आणि पहिल्या नंबरात फरक आहे २५ चा, म्हणजे त्यांच्यापेक्षा पाच उत्तरं जास्त आली की बरोबरी. अजून काही संपलेलं नाही.

नियम सांगतो, नीट ऐका, मध्येच थांबून परत सांगणार नाही. ६० सेकंद. घड्याळ सुरू होणार पहिला प्रश्न पूर्ण वाचून झाल्यावर. दोघांपैकी कुणीही उत्तर द्या पण जे पहिलं ऐकू येईल तेच धरलं जाईल, मग "सर नाही नाही, मला ते म्हणायचं होतं" चालणार नाही. चुकलं तर मार्क कापले जाणार नाहीत. येत नसेल तर "पास" म्हणा, पास केलेला प्रश्न परत येणार नाही आणि दुसऱ्या टीमकडेही जाणार नाही. घंटा वाजली तेव्हा माझा प्रश्न अर्धा वाचून झाला असेल तर मी पूर्ण करीन आणि त्याचं उत्तर धरलं जाईल. चार बंद पाकिटं आहेत, टीमने स्वतः एक उचलायचं, त्यामुळे कुणाला कुठले प्रश्न येणार हे मलाही माहीत नाही. आणि प्रेक्षकांनो, तुमच्या ओठांवर उत्तर आलं की ते तिथेच ठेवा, हॉलमधून एक शब्द जरी आला तरी तो प्रश्न बाद होईल आणि नुकसान स्टेजवरच्या पोरांचं होईल.

आता या राऊंडबद्दल जे खरंच सांगायचंय ते. आधीच्या राऊंडना विषय होते, इतिहास म्हटलं की डोकं इतिहासात जाऊन बसायचं, विज्ञान म्हटलं की विज्ञानात. इथे तसं नाही, एका प्रश्नाचा दुसऱ्याशी काहीही संबंध नाही, आणि ते मुद्दाम केलंय, प्रश्न काढून झाल्यावर आम्ही सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकून हलवल्या आणि हाताला येतील तशा पाकिटात भरल्या. बघायचंय कसं वाटतं ते? चला, प्रेक्षकांसाठी ट्रायल, सगळ्यांनी एकदम ओरडायचं, टीम्सनी फक्त ऐकायचं.

खाशाबा जाधवांनी १९५२ ला कुस्तीत ब्राँझ मिळवलं ते ऑलिंपिक कुठे झालं? ... हेलसिंकी, वा! कराडात हे नाही आलं तर कुठे येणार, गोळेश्वर इथून किती लांब आहे. पुढचा. ९१ ही मूळ संख्या आहे का? ... ऐकलं का, अर्धा हॉल "हो" म्हणाला. नाही, सात तेरे एक्याण्णव. पुढचा. "चावी" हा शब्द मराठीत कुठल्या भाषेतून आला? ... पोर्तुगीज, शाब्बास, तिकडे खिडकीपाशी कुणीतरी एकट्याने सांगितलं, बटाटा आणि पाव पण तिथूनच आले. पुढचा. सूर्यमालेतला सगळ्यात उष्ण ग्रह? ... बुध, बुध, बुध. मला वाटलंच होतं. शुक्र! बुध सूर्याच्या सगळ्यात जवळ आहे हे बरोबर पण त्याला म्हणावं असं वातावरणच नाही, त्यामुळे तिथे रात्री उष्णता टिकत नाही, आणि शुक्रावर कार्बन डायऑक्साइडचं एवढं जाड पांघरूण आहे की आत शिरलेली उष्णता बाहेरच पडत नाही, दिवस असो रात्र असो, ४५० अंशांच्या वरच. हे उत्तर विसरलात तरी चालेल पण पांघरूण लक्षात ठेवा.

आणि हा शेवटचा. भारताचा राष्ट्रीय पक्षी मोर आहे, तर महाराष्ट्राचा राज्यपक्षी कुठला? बघा, मी "मोर" म्हटल्या म्हटल्या तिघांचे हात वर गेले होते, प्रश्न अजून यायचाच होता. हरियाल, ते हिरवं कबूतर. रॅपिड म्हणजे उत्तर पटकन द्यायचं, प्रश्न अर्धा ऐकायचा असं नाही, शेवटचा शब्द कानावर पडू द्या मगच तोंड उघडा.

मी आठवीत असताना अशाच एका स्टेजवर बसलो होतो. मला विचारलं लोणारचं सरोवर कुठल्या जिल्ह्यात, आणि मला येत होतं, आदल्या रात्रीच वाचलं होतं, पण जीभ अडकली आणि मी जालना म्हणालो. तोंडातून शब्द बाहेर पडला आणि बुलढाणा आठवलं. त्यानंतर पुढचे तीन प्रश्न काय होते ते मला आजपर्यंत माहीत नाही, कारण मी ते ऐकलेच नाहीत, मी आतल्या आत बुलढाणा बुलढाणा करत बसलो होतो, आणि आमच्या टीमचा नंबर दोन उत्तरांनी गेला. एक उत्तर चुकलं त्याने नाही गेला, त्याच्या मागे मी जे तीन घालवले त्याने गेला. म्हणून सांगतोय, उत्तर चुकलं, राहिलं, पास केलं, की सोडून द्या. तिथल्या तिथे. पुढचा प्रश्न त्या चुकीला ओळखत नाही, तो कुठल्या तरी दुसऱ्याच गावाहून आलेला आहे. बरोबर आलं तरी तेच, टाळी नंतर द्या एकमेकांना.

आणि पासला लाजू नका. ६० सेकंदात १२ प्रश्न म्हणजे एकाला ५ सेकंद, त्यातले तीन मला वाचायलाच लागतात. छताकडे बघत सात सेकंद काढले तर तुमच्या पाकिटातला एक असा प्रश्न न वाचताच राहतो जो कदाचित तुम्हाला आजीने सांगितलेला असेल, किंवा एसटीच्या खिडकीतून बघितलेला असेल. या पाकिटात बरंच काही पुस्तकाबाहेरचं आहे, मी स्वतः काढलेत त्यातले काही, स्वयंपाकघरातले आहेत, शेतातले आहेत. त्यामुळे "आपला अभ्यास झाला नाही" असं मनात घेऊन बसू नका, तुम्ही आजवर जे जे कान देऊन ऐकलंय तो सगळा अभ्यासच आहे.

बरं. सगळ्यात कमी स्कोअरवाली टीम आधी, म्हणजे सज्जनगड, या दोघी पुढे. कुठलं पाकीट? ... तिसरं. मॅडम, घड्याळ तयार आहे का? हॉल एकदम शांत. श्वास घ्या एक मोठा, माझ्याकडे बघा, स्कोअरकडे नको.

पहिला प्रश्न. आपल्या प्रीतिसंगमावर कोयना ज्या नदीला मिळते, त्या कृष्णेचा उगम कुठे होतो?