पाचवीच्या पालकसभेत: मुलांची झोप आणि मोबाईल

नमस्कार. मागे उभ्या आहात त्या ताई, पुढे या, इथे बाक रिकामा आहे. बाकं लहान आहेत, जरा अवघडून बसावं लागेल. पंधरा मिनिटांत बोलणं संपवते.

आज गुणांबद्दल बोलणार नाही. कुणाच्या मुलाचं नावही घेणार नाही. तिसऱ्या तासाला वर्गात काय दिसतं, तेवढं सांगते. साधारण साडेआठ वाजलेले असतात. फळ्यावर अपूर्णांक चाललेले असतात. एखादं पोर हनुवटी तळहातावर टेकवतं, डोळे उघडेच असतात, पण वहीतली ओळ तिरकी होत होत खाली उतरते आणि पेन्सिल थांबते. हाक मारली की दचकून म्हणतं, "हो बाई, लिहितोय." पूर्वी मी रागवायचे. आता तोंड धुऊन ये म्हणते. कारण ते पोर आळशी नाही, त्याची झोप झालेली नाही.

गेल्या आठवड्यात मुलांना एक ओळ लिहायला सांगितली होती: काल किती वाजता झोपलो. बऱ्याच वह्यांत अकरा होतं, काहींत साडेअकरा. एकाने लिहिलं, "पप्पा आल्यावर." मला त्यात सगळं कळलं.

हिशेब करून बघू. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत 9 ते 12 तास झोप लागते, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. आपली शाळा सात दहाला भरते, म्हणजे पोर सहाला उठतं. अकराला झोपलं तर सात तास. रोजचे दोन तास कमी. शाळेचे सहा दिवस धरले तर बारा तास, म्हणजे दर आठवड्याला एक अख्खी रात्र बुडते. रविवारी दहापर्यंत लोळून ती भरून निघत नाही. उलट त्या रात्री झोप आणखी उशिरा येते आणि सोमवारचा पहिला तास जांभयांत जातो.

यात शाळेचाही वाटा आहे, तो आधी सांगते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं शासनाने 2024 साली ठरवलं, ते मुलांच्या झोपेसाठीच. आपली पाचवी त्यात बसत नाही आणि इमारत दोन सत्रांत चालते. वेळ बदलणं माझ्या हातात नाही. पण दुसरी एक गोष्ट आहे. रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर गृहपाठ कोण टाकत होतं? मीच. मग पोराने मोबाईल मागितला तर तुम्ही नाही कसं म्हणणार? अभ्यासासाठी म्हणून फोन हातात गेला, अभ्यास दहा मिनिटांत संपला आणि फोन हातातच राहिला. सोमवारपासून गृहपाठ शाळा सुटायच्या आधी फळ्यावर असेल आणि मुलं तो वहीत उतरवून घेतील. संध्याकाळी सातनंतर माझा एकही मेसेज येणार नाही. एखादा चुकून आलाच, तर खुशाल मला विचारा.

आता तुमच्या घरातलं. आपल्या इचलकरंजीत रात्री नऊला मुलांना झोपवा, असं नुसतं सांगून चालत नाही, हे मला माहीत आहे. मीही इथेच वाढले. वडील रात्री आठला मागावरून यायचे, जेवण साडेनऊला आणि त्यांच्याशी बोलायची वेळ तेवढीच. बाप दिवसभरात एक तास भेटतो, तो झोपेसाठी तोडा असं मी म्हणणार नाही. त्या एका तासात फोन मध्ये येतो का, एवढंच बघा. बऱ्याच घरांत फोन एकच असतो आणि तो पप्पांबरोबरच घरी येतो. पोर दिवसभर कुणाची वाट बघतं, पप्पांची की फोनची, हे कधी कधी त्यालाही सांगता येत नाही. हसू नका, माझ्या घरी तेच होतं!

फोनमुळे झोप का उडते? एक म्हणजे उजेड. अंधार पडला की मेंदू झोपेची तयारी सुरू करतो, आणि डोळ्यांसमोरचा प्रखर उजेड ती तयारी मागे ढकलतो. दुसरं मला जास्त मोठं वाटतं. गोष्ट संपते, मालिकेचा भाग संपतो, गल्लीतला क्रिकेटचा डावसुद्धा अंधार पडला की संपतो. रील संपतच नाही. आपल्यालाच थांबता येत नाही, तर दहा वर्षांच्या पोराने कुठून थांबायचं? म्हणून "बस झालं आता" असं मध्येच ओरडण्यापेक्षा आधीच ठरवा: दोन व्हिडिओ, मग फोन आजीकडे. यूट्यूबमध्ये पुढचा व्हिडिओ आपोआप लागतो, ती सोय बंद करता येते. कुणाला जमत नसेल तर सभेनंतर फोन घेऊन या, मी करून देते.

झोपायच्या आधी तासभर फोन नको. तासभर जमत नसेल तर अर्धा तास. रात्री फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात लावा, उशाशी नको. गजरासाठी लागतो म्हणाल, तर गजराचं साधं घड्याळ आणा. झोपेची वेळ एकदम दीड तास अलीकडे ओढू नका, पोर नुसतं छताकडे बघत पडेल. चार-पाच दिवसांनी पंधरा-पंधरा मिनिटं अलीकडे आणा. आमच्या वर्गासाठी साडेनऊ धरू. साडेआठ तास होतात, पुरेसे नाहीत, पण सातपेक्षा बरे. पहिला आठवडा चिडचिड होईल, आदळआपट होईल. त्यात तुमचं काही चुकलं असं समजू नका.

दुपारी शाळेतून आलं की बरीच मुलं तीनला आडवी होतात ती थेट सहाला उठतात. मग रात्री झोप कशी येणार? अर्धा-पाऊण तास झोपू द्या, चारच्या आत उठवा आणि उन्हं उतरली की बाहेर पिटाळा.

एका खोलीत टीव्ही चालू असतो, आजींच्या मालिका असतात. आजींना टीव्ही बंद करा म्हणायची माझी हिंमत नाही. पोराचं अंथरूण टीव्हीकडे पाठ येईल असं घाला, मोठा दिवा मालवा, आवाज थोडा कमी. आजींनी झोपताना एखादी गोष्ट सांगितली तर फारच उत्तम.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022 साली गावाने ठरवलं: संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, मोठ्यांचेसुद्धा. आपल्या गावाला भोंग्याची सवय आहेच! पण अख्ख्या गल्लीचं सोडा, आधी आपल्या घरातलं जेवणाचं ताट फोनशिवाय ठेवून बघू. मीही ठेवते.

एक महत्त्वाचं. पोर रोज मोठ्याने घोरतं, तोंड उघडं ठेवून झोपतं, किंवा भरपूर झोपूनही दिवसा पेंगतं, तर फोनला दोष देत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढल्या असतील तर असं होतं आणि त्यावर उपचार आहेत.

दाराजवळ कागद ठेवलेत. आठवडाभर रोज दोनच आकडे लिहायचे, झोपलं किती वाजता आणि उठलं किती वाजता. खरे लिहा, बारा असेल तर बारा. ते मी वर्गात वाचणार नाही.

प्रश्न असतील तर विचारा, मी थांबलेय. रातपाळीवरून थेट इकडे आलेत, त्यांनी आधी सही करा आणि घरी जाऊन झोपा.