समर्थच्या पप्पांना, रविवारच्या रात्रीच्या मेसेजबद्दल

नमस्कार भाऊ, समर्थच्या मॅडम बोलायले. ग्रुपवर नाही लिहित, तुम्हाला पर्सनलवरच लिहायले, कारण ही गोष्ट तुमच्या माझ्यातली आहे आणि बाकीच्या अडतीस घरांनी ती वाचायची काही गरज नाही. मेसेज लांब झालाय, दुकानात गर्दी असंल तर आत्ता वाचू नका, शटर ओढल्यावर निवांत वाचा.

काल रात्री 10:41 ला तुम्ही ग्रुपवर विचारलं, नकाशा राजकीय पाहिजे का प्राकृतिक. 10:46 ला नुसते तीन प्रश्नचिन्ह. 10:52 ला "मॅडम निळी टिक दिसायलीय, उत्तर द्यायला काय जातं". आणि 11:05 ला ते फीवालं वाक्य, फीचा मेसेज बरा वेळेवर येतो म्हणून. हे सगळं मी सकाळी साडेसहाला वाचलं, चहा ठेवता ठेवता. खरं सांगू का, राग आला. म्हणून सकाळी काहीच लिहिलं नाही, म्हणलं शाळा होऊ द्या, समर्थशी बोलू द्या, मग लिहू.

आता ती निळी टिक. काल आमच्याकडं आठ दिवसांनी नळाला पाणी आलतं, दहा वाजता. तुमच्याकडं पण तसंच असंल, पाणी कधी येईल ते नळालाच माहीत. मोटार लावून टाकी, दोन ड्रम, हंडे, घागरी, सापडंल ते भांडं मी भरायले होते आणि फोन होता आमच्या चार वर्षांच्या बाईसाहेबांकडं, कार्टून लावून दिलतं म्हणून तर ती शांत होती. वरून मेसेज पडला की ती बोट लावती, तो उघडतो, मग बंद करून परत कार्टून. म्हणजे निळी टिक तिनं केली भाऊ, आणि तिला काही राजकीय प्राकृतिकमधलं कळत नाही. पावणेबाराला पाणी गेलं तेव्हा मी फोन न बघताच झोपले.

पण समजा मी बघितला असता, तरी रविवारी रात्री पावणेअकराला आपल्या गावात कोणतं स्टेशनरीचं दुकान उघडं होतं? नकाशा तर सकाळीच घ्यायचा होता ना.

आता माझी चूक पण सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल मॅडम नुसतं आम्हालाच बोलायल्या. नकाशाचा मेसेज मी शनिवारी संध्याकाळी सव्वासातला टाकला. शाळा सकाळची होती, साडेअकराला सुटली, तेव्हाच वहीत लिहून द्यायला पाहिजे होतं, ते राहिलं. आणि मेसेजमध्ये नुसतं "महाराष्ट्राचा नकाशा आणावा" इतकंच लिहिलं, कोणता ते लिहिलंच नाही. तुमचा प्रश्न एकदम बरोबर होता. तुमच्यानंतर ग्रुपवर एकजणानं छातीठोकपणे टाकून दिलं "राजकीयच पाहिजे", त्याला चौघांनी अंगठे दाखवले, आणि आज अकरा लेकरं राजकीय नकाशा घेऊन आली. पाहिजे होता प्राकृतिक, कारण नद्यांचा धडा चाललाय, गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावून आपल्या जिल्ह्यातनं कशी पुढं जाते ते दाखवायचं होतं, आणि जिल्ह्यांचे रंगीत तुकडे बघून डोंगर कुठं अन् उतार कुठं ते काय कळणार. म्हणजे उत्तर लगेच मिळालं खरं, पण चुकीचं मिळालं. त्या अकरा जणांना मी बुधवारपर्यंत वेळ दिलाय, समर्थला पण. कोणाला बोलले नाही, कारण चूक माझ्या मेसेजची होती.

तर इथून पुढं मी कसं करणार ते सांगते. गृहपाठ, सामान, काही आणायचं असंल तर ते शाळा सुटायच्या आत वहीत लिहिलेलं असंल आणि साडेपाचपर्यंत ग्रुपवर. त्यानंतर मी दुसऱ्या दिवशीसाठी नवीन काही मागणार नाही, आणि मागितलंच तर ते आणलं नाही म्हणून कुठल्याच लेकराला रागावणार नाही. हे माझ्याकडून पक्कं.

आणि मेसेजला उत्तर. शाळेत अकरा ते पाच माझा फोन कपाटात असतो, पर्समध्ये पण नाही, कारण एकदा हातात घेतला की लेकरांचं सगळं लक्ष फोनकडं. संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा मी बसून सगळ्यांचे मेसेज बघते. तोपर्यंत आलेल्याला त्याच दिवशी उत्तर मिळंल, त्यानंतर आलेल्याला दुसऱ्या शाळेच्या दिवशी संध्याकाळी. शनिवारी अर्धीच शाळा असती, तेव्हा मी दुपारी दीडपर्यंत बघते. शनिवारी दुपारनंतर विचारलेलं, रविवारचं, सुट्टीतलं, त्याचं उत्तर शाळा उघडंल त्या दिवशी. मध्येच मी ऑनलाइन दिसंल, स्टेटस बघितलेलं दिसंल, टिक निळी होईल, तरी उत्तर येणार नाही, आणि त्याचा अर्थ मॅडमनी मुद्दाम टाळलं असा धरू नका. रात्री मी ऑनलाइन असते ते बऱ्याचदा सरकारच्या यूडायस पोर्टलवर शाळेची माहिती भरायला, दिवसा ते पोर्टल नुसतं गोल गोल फिरत बसतं, रात्री दहानंतर जरा हलतं, आणि मुख्याध्यापक व्हॉट्सॲपवरनंच विचारत असतात किती झालं म्हणून.

हे सगळं साध्या गोष्टींचं झालं. घाईच्या गोष्टीला मेसेज करूच नका, फोन करा. लेकरू आजारी आहे, येणार नाही, तर सकाळी साडेनऊच्या आत मला फोन, उचलला नाही तर मेसेज टाकून सोडा, तो मी शाळेत शिरताना बघतेच. शाळेच्या वेळात काही झालं, घरी कोणी दवाखान्यात आहे, समर्थला लवकर न्यायचंय, तर ऑफिसच्या लँडलाइनवर, तिथं शिपाई काका बसलेले असतात, दोन मिनिटात चिठ्ठी वर्गात येते. तो नंबर डायरीच्या पहिल्या पानावर आहे. आणि शाळा सुटली पण लेकरू घरी पोचलं नाही तर आधी व्हॅनवाल्या काकांना, मग मला, आणि त्याला वेळ काळ काही बघू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी रिंग द्या, मी उचलीन. मागच्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलतं तेव्हा व्हॅन अडकली होती, आठवतं ना, त्या दिवशी सात वाजेपर्यंत मीच एकेकाच्या घरी फोन लावत बसले होते. कुठं लगेच बोलायचं असतं ते मला कळतं भाऊ.

मार्क कमी आले, बाकावरनं भांडण झालं, अमक्यानं रबर घेतला, वहीत शेरा का लिहिला, असलं टाइप करून कधीच मिटत नाही. अर्धं तुम्ही लिहिता, अर्धं मी समजते, आणि मधल्यामधी लेकराचं तोंड एवढंसं होतं. त्यासाठी शनिवारी शाळा सुटल्यावर साडेबारापर्यंत मी वर्गातच थांबते, या, चहा नाही मिळणार पण वह्या समोर ठेवून बोलू. शनिवारी मोंढ्यातनं निघणं होत नसंल तर वहिनींना पाठवा.

ह्याच्यातच अजून एक. गुरुवारी तुम्ही चाचणीच्या पेपरचा फोटो ग्रुपवर टाकला, समर्थचा आणि त्याच्या शेजारच्या पोराचा, त्याला अर्धा मार्क जास्त कसा म्हणून. त्या पोराचं नाव आणि मार्क सगळ्यांनी बघितले. ॲडमिन म्हणून मी तो फोटो काढून टाकला, त्याचा तुम्हाला राग आला असंल, पण ते दुसऱ्याच्या लेकराचं होतं. अर्धा मार्क मी तपासला, समर्थचं उत्तर बरोबर होतं, मी त्याचा वाढवून दिलाय. हेच तुम्ही मला एकटीला विचारलं असतं तरी वाढलाच असता.

ग्रुप आजपासून मी फक्त सूचनांसाठी ठेवायले, म्हणजे मेसेज फक्त ॲडमिन टाकणार. हे तुमच्यामुळं नाही, आधीच डोक्यात होतं. काल रात्री नऊ ते अकरामध्ये सदुसष्ट मेसेज होते त्यातले एकवीस शुभ रात्रीचे, एक म्हशीच्या विक्रीचा, आणि तुमचा प्रश्न त्याच्यात कुठंतरी मधी. तुम्हाला काही विचारायचं असंल तर असं पर्सनलवर विचारा, वर सांगितलेल्या वेळात उत्तर देते.

तुम्ही पण दुकान चालवता. पेरणीच्या दिवसात रात्री अकराला कोणी बियाणाची पिशवी मागायला घरी आलं तर तुम्ही काय म्हणता ते मी ऐकलंय, माझ्या दिरालाच म्हणला होता तुम्ही, "सकाळी नऊला या, तेव्हा पाहिजे तेवढ्या घेऊन जा". त्यांना काही वाईट वाटलं नाही. नऊला गेले, दोन पिशव्या घेऊन आले.

समर्थबद्दल सांगायचं राहिलं. आज तो पहिल्या तासाला खाली मान घालून बसलता. विचारलं तर म्हणला, मॅडम तुम्ही पप्पावर रागावल्या का. त्याला काल रात्रीचं सगळं माहीत होतं, तुम्ही टाइप करताना तो शेजारीच असंल. नाही म्हणलं, कशाला रागवू. मग त्यानं दप्तरातनं एक कागद काढला. नकाशा मिळाला नाही म्हणून त्यानं पुस्तकात बघून हातानंच महाराष्ट्र काढलाय, कोकणाची बाजू जरा फुगलीय, पण गोदावरी नाशिककडनं आणून पैठण, नांदेडवरनं बरोबर तेलंगणात नेली आणि आपलं परभणी निळ्या पेननं एवढं मोठं लिहिलंय की शेजारचं हिंगोली त्याच्यातच गेलं. फळ्याशेजारी लावलाय मी तो. त्याला आता विकतचा नकाशा आणायची गरज नाही, बुधवारचं त्याचं झालं. शनिवारी आलात तर बघून जा.

आणि भाऊ, जाता जाता एक. समर्थचा अपार आयडी अजून निघत नाही, आधारवर त्याच्या मधल्या नावात इंग्रजीत एक अक्षर चुकलेलं, शाळेच्या रजिस्टरला वेगळं. त्यासाठी दुरुस्त आधारची झेरॉक्स किंवा दुरुस्तीला दिल्याची पावती मी तुम्हाला मागितली होती, मंगळवारी एकदा आणि शनिवारी परत एकदा. दोन्ही मेसेजला निळी टिक आहे. सहा दिवस झाले. मी प्रश्नचिन्ह टाकले नाहीत, म्हणलं मोंढ्यात तुरीची आवक चालू आहे, माणूस कामात असंल. पण आता यादीत तिघंच राहिलेत आणि मला शुक्रवारी ऑफिसला द्यायचंय, तर गुरुवारपर्यंत झेरॉक्स डब्याच्या पिशवीत घालून पाठवा. मोबाईलवरचा फोटो नको, धूसर येतो, ऑफिसवाले परत करतात.