योगवर्गाचे शुल्क : जूनपासून

वर्ग सोमवार ते शनिवार, एक तासाचे. सकाळी ६ आणि ७.१५, संध्याकाळी ६.३०. महिन्याच्या शुल्कात यांपैकी कुठल्याही वेळेला आलात तरी चालेल. सकाळी झोप लागली, तर संध्याकाळी या.

एका दिवसाचे : ३०० रुपये
पाहुणे आलेले, गावी चाललेले किंवा आधी बघून ठरवणारे यांच्यासाठी. सात दिवसांत कार्ड घेतलेत किंवा महिना भरलात, तर हे ३०० त्यातून वजा होतील.

दहा वर्गांचे कार्ड : २,४०० रुपये
एक वर्ग २४० रुपयांना पडतो. मुदत ६० दिवस. पूर्वी मुदत नव्हती, तेव्हा कार्डं वर्षवर्ष पाकिटात पडून राहायची आणि माणसं दर वेळी नव्याने सुरुवात करायची. कार्ड घरातल्या दोघांत वापरता येईल, मात्र वर्गाआधी नाव सांगा. दहाही वर्ग ३५ दिवसांत संपवलेत, तर अकरावा आमच्याकडून.

महिना : २,२०० रुपये
भराल त्या तारखेपासून ३० दिवस, एक तारखेची वाट बघू नका. आठवड्यातून तीनदा आलात, म्हणजे महिन्यात १२ वर्ग, तर एक वर्ग साधारण १८३ रुपयांना पडतो. २० वेळा आलात, तर ११०. हजेरी २० किंवा जास्त झाली, की पुढचा महिना २,००० रुपयांत. दिवसातून एकच हजेरी धरली जाते. गणपती-दिवाळीत वर्ग बंद असतील तेवढे दिवस मुदत पुढे जाते. तुम्ही बाहेरगावी जाणार असाल, तर आधी कळवा, महिन्यातून एकदा सात दिवसांपर्यंत मुदत थांबवू. परत येऊन सांगितलेली रजा धरत नाही, वाद घालू नये.

कोणतं घ्यावं? महिन्यात नऊ वर्गांपर्यंत येणं होत असेल, तर कार्डच घ्या, महिन्याचे पैसे उगाच जातील. दहाव्या वर्गापासून महिना स्वस्त पडतो. आमचं मत विचाराल, तर पहिला महिना आठवड्यातून तीन ठरलेले वार धरा. रोज येईन म्हणणारे बरेचदा दुसऱ्या आठवड्यात दिसेनासे होतात.

भरलेलं शुल्क परत मिळत नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल, तर चिठ्ठी दाखवा, उरलेले दिवस जपून ठेवू. रोख किंवा यूपीआय, दोन्ही चालतं. पावती मागून घ्या.

२१ जूनला, योगदिनी, सकाळचे दोन्ही वर्ग सगळ्यांना मोफत. कार्डावर खूण होणार नाही.

जेवणानंतर तीन तास सोडून या. रक्तदाब, गुडघे, कंबर, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल तर पहिल्याच दिवशी शिक्षकांना सांगा. चटई इथे मिळते, स्वतःची आणलीत तर उत्तम. पावसाळ्यात छत्र्या बाहेरच्या बादलीत.