रेवतीच्या ‘अँटिगनी’वरील निबंधाबद्दल

प्रिय रेवती,

सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’ या ग्रीक नाटकावरचा तुझा ‘सत्तेपुढे न झुकलेली अँटिगनी’ हा निबंध दोनदा वाचला. बाईंनी एकमेकांच्या निबंधावर मोकळेपणाने लिहायला सांगितलंय, म्हणून मनात आलं ते सगळं लिहिते. बरंच पटलं, काही ठिकाणी अडखळले, आणि एका जागी तू नाटकातली सगळ्यात मोठी गोष्ट वगळून पुढे गेलीस असं वाटलं. तेवढ्यासाठीच पत्र लांबलंय.

आधी इस्मेनीबद्दल. हा तुझा सर्वांत चांगला परिच्छेद आहे. राजा क्रेऑनची बंदी मोडून भावाला, पॉलिनायसीसला, मूठमाती द्यायला बहीण कचरते, तेव्हा अँटिगनी तिला सांगते की आता तू यायचं म्हटलंस तरी मला चालणार नाही. नंतर इस्मेनी खरंच मरायला तयार होते आणि अँटिगनी तिला त्या मरणातही वाटा देत नाही. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून तू लिहिलंस, ‘तिच्या धैर्यात इतरांना जागा नाही.’ हे वाक्य वाचून मी थांबले. अँटिगनीवर प्रेम करत असतानाच तू तिच्यातला कठोरपणा पाहिलास. पण पुढच्याच पानावर तू हे विसरतेस आणि ती पुन्हा निष्कलंक होते. ते वाक्य पाचव्या पानावर दडून बसलंय, ते पुढे आण.

आता मुख्य मुद्दा. तुझ्या निबंधात क्रेऑन पहिल्या ओळीपासून जुलमी आहे आणि शेवटपर्यंत तसाच राहतो. ‘क्रेऑनच्या हट्टापायी अँटिगनीचा बळी गेला,’ असं तू लिहितेस. पण देवांचा कोप सांगून भविष्यवेत्ता टायरेसियस निघून गेल्यावर काय होतं ते पुन्हा वाच. क्रेऑन हादरतो आणि वृंदाला विचारतो, मी काय करू? वृंद सांगतो, आधी जा आणि जिवंत कोंडलेल्या त्या मुलीला गुहेतून सोडव, मग उघड्यावर पडलेल्या प्रेतासाठी थडगं उभार. क्रेऑन मान्य करतो, स्वतः निघतो. आणि दूताच्या तोंडून कळतं की तो आधी पॉलिनायसीसकडे गेला. कुत्र्यांनी फाडलेलं जे काही उरलं होतं ते धुतलं, दहन केलं, वर मातीचा उंच ढिगारा रचला, आणि त्यानंतर गुहेकडे वळला. तिथे पोचेपर्यंत अँटिगनीने तलम कापडाचा फास लावून घेतला होता.

म्हणजे तो हट्ट सोडून देतो आणि तरीही सगळं बुडतं. त्याने दोन्ही कामं केली, फक्त क्रम उलटा धरला. मेलेल्याला आधी आणि जिवंत मुलीला नंतर! ज्या माणसाने मेलेल्याचा मान नाकारून हे सगळं सुरू केलं, तोच आता मेलेल्याचा मान राखण्यात वेळ घालवतो. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, आणि तुझ्या सहा पानांत त्याचा उल्लेखही नाही. क्रेऑन नुसता दुष्ट असेल तर त्याला शिक्षा झाली एवढंच उरतं, मग याला शोकात्मिका का म्हणायचं? तुझ्या निबंधाने या प्रश्नाला भिडायला हवं.

त्यासाठी क्रेऑनची सुरुवातीची बाजूही थोडी मांडावी लागेल. शहर कालच वेढ्यातून सुटलंय, दोन सख्ख्या भावांनी एकमेकांना मारलंय, आणि त्यातला एक परकं सैन्य घेऊन स्वतःच्या शहरावर चालून आला होता. राज्यकर्त्याने मित्रापेक्षा शहराला वर मानावं, हे क्रेऑनचं पहिलं भाषण तू ‘हुकूमशहाची भाषा’ म्हणून एका ओळीत निकालात काढलंस. पण पुढच्या शतकात वक्ता डेमोस्थेनीस याच भाषणातल्या ओळी अथेन्सच्या न्यायसभेत चांगल्या विचारांचा नमुना म्हणून ऐकवतो. त्या श्रोत्यांना तरी ती खलनायकाची भाषा वाटली नसणार. क्रेऑन कुठे घसरतो ते हायमनसोबतच्या संवादात दिसतं. मुलगा आधी नम्रपणे बोलतो, पुरात वाकणारी झाडं टिकतात म्हणतो, आणि बाप मात्र शहर हे राज्यकर्त्याच्याच मालकीचं, इथवर जातो. हा उतार टप्प्याटप्प्याने दाखव. मग त्याची माघार आणि त्याचा उशीर, दोन्ही वाचकाला लागतील.

हे करताना अँटिगनी लहान होईल अशी भीती बाळगू नकोस. ती बरोबर आहे, हे तुझं मत मलाही पटतं. फक्त तिचं अवघड भाषण टाळू नकोस: गुहेकडे जाताना ती म्हणते की नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी हे केलं नसतं, कारण ती माणसं पुन्हा मिळू शकतात, आईबाप गेल्यावर भाऊ मिळत नाही. देवांच्या अलिखित नियमांची भाषा करणारी मुलगी अचानक असा हिशेब मांडते. जर्मन कवी गटेला या ओळी इतक्या खटकल्या की त्या मागाहून घुसडलेल्या ठराव्यात अशी त्याची इच्छा होती. पण अ‍ॅरिस्टॉटल त्यांचा दाखला देतो, म्हणजे त्याच्या काळी त्या नाटकात होत्याच. इस्मेनीबद्दल तू जे लिहिलंस त्याच्याशी या ओळी जोडून पाहा. मला त्यात मरणाच्या दारात कारणं शोधणारी एकटी मुलगी दिसते. तुला वेगळं काही दिसलं तर ते लिही.

दोन चुका मात्र नक्की सुधार. ‘अ‍ॅरिस्टॉटलच्या नियमांनुसार सोफोक्लीसने नाटक रचले’ हे शक्य नाही. सोफोक्लीस इ. स. पू. ४०६ च्या सुमारास वारला आणि अ‍ॅरिस्टॉटल जन्मला ३८४ मध्ये. अ‍ॅरिस्टॉटलने आधीची नाटकं पाहून-वाचून आपलं विवेचन केलं. शिवाय हे ‘नाट्यत्रयीतलं तिसरं नाटक’ नाही. थीब्जच्या राजघराण्यावरची तीन नाटकं सोफोक्लीसने वेगवेगळ्या काळात लिहिली, आणि कथेत शेवटी येणारं ‘अँटिगनी’ बहुधा त्यांतलं सर्वांत आधीचं आहे, इ. स. पू. ४४१ च्या आसपासचं.

भाषेबद्दल थोडंच. ‘नियतीच्या क्रूर पंजात सापडलेली तेजस्वी वीरांगना’ अशी वाक्यं काढ. तू नाटकातली कृती सांगतेस तेव्हा तुझं लेखन फार छान होतं. पहारेकऱ्यांनी प्रेतावरची धूळ झाडून टाकली आणि अँटिगनी पुन्हा मूठभर माती घेऊन आली, एवढं साधं सांगितलंस तेव्हा ती मला डोळ्यांसमोर दिसली. समारोपातला आजच्या समाजाबद्दलचा परिच्छेद कुठल्याही निबंधाला चिकटवता येईल असा आहे. तो गाळलास तर क्रेऑनच्या उशिराला जागा होईल.

शुक्रवारी निबंध द्यायचा आहे, म्हणून सगळं बदलायच्या फंदात पडू नकोस. आधी चौथं पान नव्याने लिही, टायरेसियस ते गुहा एवढाच भाग. बुधवारी संध्याकाळपर्यंत पाठवलंस तर मी त्याच रात्री वाचून कळवते.

तुझी,
मधुरा