संदर्भसूची कशी द्यावी : तृतीय वर्ष बी.ए. (मराठी), प्रकल्पासाठी

विषय : मुंबईतील कष्टकऱ्यांचे साहित्य
मुदत : शुक्रवार, दुपारी २ पर्यंत, विभागात छापील प्रत

सूची वाचून दुसऱ्या कुणालाही तेच पुस्तक, तीच आवृत्ती सापडली पाहिजे. दरवर्षी प्रत्येक प्रकल्पातली दोन-तीन पुस्तके मी ग्रंथालयात स्वतः शोधते, यंदाही शोधणार आहे.

नोंदीचा क्रम असा : आडनाव, नाव. पुस्तकाचे नाव. गाव : प्रकाशक, वर्ष. सूची प्रकल्पाच्या शेवटी, नव्या पानावर. अनुक्रमांक घालू नका.

नमुना :

ढसाळ, नामदेव. गोलपिठा. पुणे : नीलकंठ प्रकाशन, १९७२.
पवार, दया. बलुतं. मुंबई : ग्रंथाली, १९७८.
सुर्वे, नारायण. माझे विद्यापीठ. मुंबई : पॉप्युलर प्रकाशन, १९६६.
सुर्वे, नारायण. जाहीरनामा. मुंबई : पॉप्युलर प्रकाशन, १९७५.

एकाच लेखकाची दोन पुस्तके असतील तर आधीच्या वर्षाचे आधी. म्हणून 'जाहीरनामा' खाली गेले, 'ज' आधी येत असला तरी.

क्रम आडनावाच्या वर्णमालेप्रमाणे लावा. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'च्या नंतर येतो, त्यामुळे दवणे आधी, दळवी नंतर. संगणक काही वेळा हे उलटे लावतो. छापण्याआधी यादी एकदा बोट ठेवून वाचाच.

नेहमीच्या चुका

सर्वात मोठी चूक वर्षाची. तुमच्या हातातली प्रत पुनर्मुद्रण असते आणि तुम्ही पहिल्या आवृत्तीचे वर्ष कुठून तरी उतरवता. मग मजकुरात दिलेला पृष्ठक्रमांक जुळत नाही आणि अवतरण खरे असूनही तपासता येत नाही. हातातल्या प्रतीच्या सुरुवातीच्या पानांवर आवृत्ती आणि वर्ष असते, तेच लिहा : 'तिसरी आवृत्ती' असेल तर तसे नोंदवा. त्याच पानावर मुद्रकाचेही नाव असते. मुद्रक म्हणजे प्रकाशक नव्हे.

'नारायण सुर्वे' असे लिहून नोंद 'न'खाली टाकू नका. डॉ., प्रा., कै., पद्मश्री काहीही लावू नका. आदर मजकुरात दाखवा. लेखकाचे नाव पुस्तकावर छापले आहे तेच घ्या : 'बलुतं'वर दया पवार आहे, म्हणून सूचीतही दया पवार, दगडू नाही.

नुसती लिंक ही नोंद होत नाही. लेखक, लेखाचे शीर्षक, संकेतस्थळाचे नाव आणि तुम्ही पाहिल्याची तारीख हवी. वर्तमानपत्रातल्या लेखाला तारीख आणि पान हवे. गिरणी कामगारांशी तुम्ही बोलला असाल तर मुलाखतीची तारीख आणि ठिकाण द्या, नाव मात्र त्यांची परवानगी असेल तरच. या मुलाखती पुस्तकांच्या खाली, वेगळ्या गटात.

मजकुरात जे पुस्तक वापरलेच नाही ते सूचीत नको. सहा खऱ्या नोंदी मला तीस उसन्या नोंदींपेक्षा जास्त आवडतात, आणि गुणही त्यांनाच मिळतील.

पुस्तक कॉलेजात नसेल तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बघा. कुठेच मिळाले नाही, तर बुधवारी मधल्या सुट्टीत मला येऊन सांगा.