फुटलेली पाईपलाईन: अमोलचा मेसेज आणि नानांनी लिहिलेला अर्ज

(अमोलचा मेसेज, शनिवार, रात्री)

नाना झोपलात का? एक काम होतं. नगरपालिकेत द्यायला एक अर्ज लिहून द्या ना, तुम्हाला ती भाषा जमते. मी लिहायला बसलो की शिव्याच येतात.

झालं असं की सोमवारी दुपारी केबलवाल्यांचा जेसीबी आला होता दत्तमंदिरापाशी, त्याचा दात लागला पाईपला. तेव्हा पाणी नव्हतं म्हणून कुणाला कळलं पण नाही, माती लोटून मोकळे झाले. मंगळवारी सकाळी पाणी सुटलं आणि मंदिरासमोर नुसतं कारंजं!! आमच्या नळाला करंगळीएवढी धार. वरच्या मजल्यावर तर थेंब नाही. देसाई काकूंनी टँकर मागवला शेवटी.

वॉलमनला सांगितलं तर तो गुरुवारी पाणी गेल्यावर आला, सायकलची ट्यूब गुंडाळली, वरून सुतळी बांधली आणि गेला. ही काय दुरुस्ती झाली का? आज परत तेच. बंटीने खड्ड्यात बादली धरली, १५ लिटरची बादली २० सेकंदात भरली, तेही निम्मं पाणी बाहेर उडत होतं.

बुधवारी मी स्वतः ऑफिसात गेलो. तिथला माणूस म्हणे ठेकेदाराने फोडलीय, तोच करेल. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणतो लाईन नगरपालिकेची, आमचा काय संबंध. च्यायला आम्ही कुणाच्या पाया पडायचं? नगरसेवकाला फोन लावला तर तो म्हणतो मी आता माजी आहे.

आणि खरी भीती वेगळीच आहे. त्या खड्ड्याला लागून गटार आहे. परवा पाऊस पडला तेव्हा गटाराचं पाणी खड्ड्यात. पाणी सुटलं की पहिली पाच मिनिटं गढूळ येतं आणि वास मारतो. गल्लीत तीन पोरांना जुलाब लागलेत, आमची चिऊ पण त्यात. सगळ्यांनी पैसे खाल्लेत नाना, स्पष्ट लिहा. आणि हेही लिहा की पाईप नीट होईपर्यंत गल्लीतलं कुणी पाणीपट्टी भरणार नाही. बघू दे काय करतात ते.

फोटो आणि व्हिडिओ पाठवतोय. सोमवारी सकाळीच नेऊन देतो.

(नानांचं उत्तर, रविवार, संध्याकाळी)

अमोल, अर्ज खाली टाकलाय. प्रिंट काढण्याआधी एवढं वाच.

अर्ज तुझ्या आईच्या नावाने केला आहे. नळजोडणी तिच्या नावावर आहे, आणि टेबलावरचा माणूस सगळ्यात आधी ग्राहक क्रमांक बघतो. तुझ्या नावाने दिलास तर 'तुम्ही कोण' इथूनच सुरुवात व्हायची.

पैसे खाल्ल्याचं काढून टाकलं. तुझ्याकडे पुरावा नाही, आणि ते वाक्य राहिलं तर साहेब बाकीचा अर्ज वाचणारच नाहीत. पाणीपट्टी न भरण्याची धमकीही काढली. उलट यंदाची भरलेली पावती जोडायची. थकबाकीदाराची तक्रार बाजूला ठेवायला निमित्त लागत नाही, तू ते आयतं हातात देऊ नकोस.

बंटीची बादली मात्र ठेवली. पोराने डोकं लावलं. 'खूप पाणी वाया जातं' असं प्रत्येक अर्जात असतं, ते वाचून कुणी उठत नाही. मिनिटाला ४५ लिटर म्हटलं की अभियंत्याला कागदावर उत्तर द्यावं लागतं.

पोरांच्या जुलाबाचं जपून लिहिलं आहे. या पाण्यानेच झाले असं आपण म्हणायचं नाही, ते तपासणीवर सोडायचं. पण तपासणी करा, हे मागायचंच. आणि चिऊला उकळून गार केलेलंच पाणी द्या. ते अर्जावर अवलंबून ठेवू नका.

मजकूर असा:

दिनांक : १६ जून २०२५

प्रति,
मा. मुख्याधिकारी तथा प्रशासक,
नगरपरिषद कार्यालय
(पाणीपुरवठा विभाग)

अर्जदार : श्रीमती सुनंदा रमेश जाधव व दत्तमंदिर गल्लीतील रहिवासी
नळजोडणी ग्राहक क्रमांक : ४-११७३

विषय : दत्तमंदिर गल्ली येथील फुटलेली मुख्य जलवाहिनी तातडीने दुरुस्त करणे व पाण्याच्या नमुन्यांची तपासणी करणेबाबत.

संदर्भ : दि. ११ जून २०२५ रोजी कार्यालयात समक्ष दिलेली तोंडी तक्रार.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करण्यात येतो की, आम्ही दत्तमंदिर गल्लीतील कायमचे रहिवासी असून नगरपरिषदेचे नियमित पाणीपट्टी भरणारे नळधारक आहोत. आमच्या भागात एक दिवसाआड सकाळी ६ ते ८ या वेळेत पाणीपुरवठा होतो.

दि. ९ जून २०२५ रोजी दुपारी दत्तमंदिरासमोर केबल टाकण्यासाठी जेसीबी यंत्राने खोदकाम सुरू असताना नगरपरिषदेच्या चार इंची जलवाहिनीस तडा गेला. त्या वेळी पाणीपुरवठा बंद असल्याने ही बाब लक्षात आली नाही व खड्डा तसाच मातीने बुजविण्यात आला. दि. १० जून रोजी सकाळी पाणी सोडल्यानंतर सदर ठिकाणी मोठ्या प्रमाणात गळती सुरू झाली. गळतीचे ठिकाण मंदिराच्या प्रवेशद्वारासमोरील विजेच्या खांबापासून पश्चिमेस सुमारे १२ फुटांवर असून त्याचे छायाचित्र सोबत जोडले आहे.

दि. १२ जून रोजी आपल्या विभागाच्या कर्मचाऱ्याने जलवाहिनीस रबरी ट्यूब गुंडाळून तात्पुरता बंदोबस्त केला, परंतु त्याचा उपयोग झालेला नाही. दि. १४ जून रोजी पाणी सुरू असताना आम्ही प्रत्यक्ष मोजले असता गळतीखाली धरलेली १५ लिटरची बादली २० सेकंदांत भरली, म्हणजेच मिनिटास ४५ लिटर. या हिशोबाने दोन तासांच्या एका पाळीत ५,४०० लिटर पाणी वाया जाते. बादलीबाहेर उडणारे पाणी यात धरलेले नाही. दि. १०, १२ व १४ जून या तीन पाळ्यांत मिळून १६,००० लिटरहून अधिक शुद्ध केलेले पाणी गटारात गेले आहे.

गळतीच्या पुढील २२ घरांना अत्यंत कमी दाबाने पाणी मिळत असून पहिल्या मजल्यावर पाणी चढतच नाही. काही कुटुंबांना स्वखर्चाने टँकर मागवावा लागला आहे.

याहून गंभीर बाब अशी की, सदर खड्डा उघड्या गटारालगत असून पावसामुळे गटाराचे पाणी खड्ड्यात साचते व फुटलेली जलवाहिनी त्यात बुडालेली राहते. पाणीपुरवठा बंद झाल्यावर जलवाहिनीतील दाब कमी होऊन हे सांडपाणी तडा गेलेल्या जागेतून आत ओढले जाण्याचा धोका आहे. पाणी सुरू होताच पहिली काही मिनिटे नळास गढूळ व दुर्गंधीयुक्त पाणी येते. गेल्या आठवड्यात गल्लीतील तीन बालकांना जुलाबाचा त्रास झाला आहे. तो याच पाण्यामुळे झाला असे आमचे म्हणणे नाही, तथापि पावसाळ्याचे दिवस लक्षात घेता तपासणी होणे अत्यावश्यक आहे.

सदर दुरुस्ती खोदकाम करणाऱ्या ठेकेदाराने करावयाची, असे आम्हास कार्यालयातून सांगण्यात आले, तर जलवाहिनी नगरपरिषदेची असल्याने आमचा संबंध नाही, असे ठेकेदाराच्या प्रतिनिधीचे म्हणणे आहे. खर्च कोणाकडून वसूल करावयाचा हा आपल्या कार्यालयाचा व ठेकेदाराचा प्रश्न आहे. त्याचा निर्णय होईपर्यंत दुरुस्ती थांबवून ठेवणे नागरिकांवर अन्यायकारक आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ४९ अन्वये पाणीपुरवठा हे नगरपरिषदेच्या आवश्यक कर्तव्यांपैकी एक आहे, हे नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो.

तरी आपणास विनंती की, जलवाहिनीचा तडा गेलेला भाग कापून बदलण्यात यावा व हे काम पुढील पाळीपूर्वी, म्हणजे दि. १८ जूनच्या सकाळपूर्वी, पूर्ण करण्यात यावे. दुरुस्तीनंतर वाहिनीतील गढूळ पाणी पूर्णपणे बाहेर सोडूनच पुरवठा सुरू करावा. गल्लीच्या सुरुवातीच्या व शेवटच्या नळावर क्लोरीनची ओ.टी. तपासणी करून पाण्याचे नमुने जैविक तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवावेत व अहवालाची प्रत आम्हास द्यावी. तोपर्यंत गल्लीत टँकरने पिण्याचे पाणी पुरवावे. खड्डा रात्री दिसत नसल्याने त्याभोवती आजच अडथळे लावावेत व काम झाल्यावर रस्ता पूर्ववत करून द्यावा.

केलेल्या कार्यवाहीबाबत आम्हास लेखी कळविण्यात यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही)
श्रीमती सुनंदा रमेश जाधव
व गल्लीतील इतर रहिवासी (सह्या सोबत)

सोबत :
१. गळतीच्या ठिकाणाची छायाचित्रे
२. सन २०२५-२६ ची पाणीपट्टी भरल्याची पावती
३. रहिवाशांच्या सह्यांची यादी

प्रत माहितीस्तव व आवश्यक कार्यवाहीस्तव :
१. मा. पाणीपुरवठा अभियंता, नगरपरिषद
२. मा. स्वच्छता निरीक्षक, आरोग्य विभाग, नगरपरिषद

(त्याखाली नानांचा आणखी एक मेसेज)

सह्या आज रात्रीच घे, उद्या सकाळी पाण्याच्या गडबडीत कुणी दार उघडणार नाही. सहीपुढे प्रत्येकाचा ग्राहक क्रमांक लिहून घे. भाडेकरू असेल तर घरमालकाचा चालेल.

उद्याही पाण्याची पाळी आहे. सहा वाजता बाटलीत पहिलं पाणी भरून ठेव आणि बाटली सोबत ने. जोडपत्रात लिहायची गरज नाही, नुसती टेबलावर ठेव.

अर्ज थेट विभागात देऊ नकोस, तिथे तो फाइलखाली जातो. आवक-जावकला दे, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घे. 'साहेब आल्यावर देतो' म्हणाले तर साहेब येईपर्यंत बस, पण पोच घेतल्याशिवाय उठू नकोस. भांडू नको. वॉलमनबद्दल तर एक शब्द बोलायचा नाही, पाईप बदलायला शेवटी तोच येणार आहे.

बुधवारी सकाळपर्यंत हालचाल दिसली नाही तर पोच घेतलेल्या प्रतीचा फोटो मला पाठव. आवक क्रमांक टाकून 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार करू, तीही आईच्याच नावाने.